377 च्या जागी AG4: दुकानदाराने फसवलं का?

मंदार_क: घड्याळातून 377 लिहिलेला सेल निघाला. कोपऱ्यावरच्या दुकानात AG4 बसवून दिला, ‘एकच आहे’ म्हणाले. सहा महिन्यांत घड्याळ बंद. सेल वाईट की मशीन?

काटकसरी: मशीनच. दोन्हींचं माप एकच. मी मीटर लावून बघितलंय, दोन्ही दीड व्होल्ट दाखवतात. चांदीच्या नावाखाली चौपट पैसे काढायचे धंदे आहेत.

टिकटिक: माप एकच, हे खरं. 377 म्हणजेच SR626SW: व्यास ६.८ मिलिमीटर, जाडी २.६. AG4 म्हणून मिळतो तो बहुधा LR626. S म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, L म्हणजे अल्कलाइन; पुढचे आकडे मापाचे.
मीटर मात्र नवा सेल बघतो, वापरलेला नाही. सिल्व्हर शेवटपर्यंत १.५५ च्या आसपास टिकतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइन पहिल्या दिवसापासून थोडा थोडा उतरत जातो, त्यामुळे आत जीव शिल्लक असतानाच घड्याळ थांबतं. साधं तीन काट्यांचं मशीन जेमतेम एक मायक्रोअँपिअर खातं. सिल्व्हरमध्ये २८ मिलिअँपिअर-तास धरले तर हिशेब तीन वर्षांचा. अल्कलाइनमध्ये मुळात त्याच्या निम्म्याच्या आसपास.

रेल्वेकाका: माझ्या डिजिटल घड्याळात CR2016 आहे. तोही चांदीचाच घालू का?

टिकटिक: काका, नको! तो लिथियम, ३ व्होल्टचा. तिथे CR2016 च घाला.

काटकसरी: बरं, पण माझं एक घड्याळ वर्षातून चार वेळा हातात येतं. त्यालाही महागडा सेल?

टिकटिक: कपाटात पडलं तरी काटे फिरतच असतात. शिवाय संपलेला सेल आत राहिला की गळतो, आणि अल्कलाइन त्यात पुढे. माझ्याकडे अशी घड्याळं येतात: सेलच्या कडेला पांढरी पूड, कॉइलची तार हिरवी. सेलचे पैसे वाचले, मशीन गेलं. ठेवायचंच असेल तर सेल काढून ठेवा.

काटकसरी: खेळण्यातल्या घड्याळात मी AG4 च घालणार. ते गळलं तरी कुणी रडणार नाही.

टिकटिक: त्यावर माझी तक्रार नाही.

मंदार_क: बंद पडण्याआधी सेकंद काटा दोन-दोन घरं उडी मारत होता. मी मशीन गेलं समजलो.

टिकटिक: काही मशीनांत सेल उतरल्याची खूण तीच असते, म्हणजे मशीन ठीक असण्याचीच शक्यता जास्त. SR626SW मागा आणि पाकिटावर नाही, सेलवर कोरलेलं वाचून घ्या.

मंदार_क: दुकानात 376 आहे, 377 नाही. चालेल?

टिकटिक: बसेल, चालेलही. पण 376 म्हणजे SR626W, दिवा-अलार्मवाल्या घड्याळांसाठी. साध्या काट्यांना मी 377 च घालतो.

काटकसरी: माझ्या बायकोच्या घड्याळात 376 दोन वर्षं चालू आहे, काही झालं नाही.

टिकटिक: तिसऱ्या वर्षी कळवा.