मदत हवी: अनलिस्टेड कंपनी आमच्या लिस्टेड कंपनीत विलीन होतेय, मत काय द्यावं?

कोरा_कागद: माझ्याकडे एका छोट्या लिस्टेड कंपनीचे 400 शेअर आहेत. एकूण शेअर 1 कोटी, त्यातले 70 लाख पब्लिककडे, म्हणजे प्रवर्तक सोडून बाकीच्यांकडे. आता एक अनलिस्टेड कंपनी हिच्यात विलीन होणार आणि तिच्या मालकांना 1.5 कोटी नवे शेअर मिळणार. ई-मतदानाची नोटीस आली आहे. म्हणजे नाव आमचं, पण घर त्यांचं. आमचं मूल्यांकन बाजारभावावर धरलंय, त्यांचं पुढच्या पाच वर्षांच्या अंदाजित नफ्यावर. हे चालतं?

शेअरवाला_काका: घाबरू नका. ताबा बदलला की ओपन ऑफर, म्हणजे आपले शेअर विकत घ्यायचा प्रस्ताव, द्यावीच लागते. तेव्हा विकून मोकळे व्हा.

तळटीप: काका, एरवी बरोबर. पण लिस्टेड कंपनी स्वतः योजनेत असेल आणि एनसीएलटीने, म्हणजे कंपनी कायद्याच्या न्यायाधिकरणाने, मंजुरी दिली तर टेकओव्हर नियमांतून सूट मिळते. ओपन ऑफरची वाट बघू नका.

कोरा_कागद, आकडा मांडून बघा. विलीनीकरणानंतर शेअर 2.5 कोटी, त्यात तुम्हा पब्लिकचे 70 लाख, म्हणजे 28 टक्के. सेबीची अट आहे की जुन्या पब्लिकचा आणि अनलिस्टेड कंपनीतल्या मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांचा मिळून वाटा 25 टक्क्यांखाली जाऊ नये. त्यातून हे जेमतेम पार झालंय. वाटा 5 टक्क्यांहून जास्त घटतोय, त्यामुळे तीन-चतुर्थांश बहुमत पुरत नाही. पब्लिकची मतं वेगळी मोजतात आणि विरोधापेक्षा बाजूची जास्त लागतात.

खरी मेख इथेच आहे. एक्स्चेंजच्या साइटवर मागच्या तीन-चार तिमाहींचा शेअरहोल्डिंग पॅटर्न काढा. 1 टक्क्याहून जास्त शेअर असलेल्या पब्लिकची नावं त्यात असतात. घोषणेच्या आधी कोण नवीन घुसलं ते बघा.

मी_पण_अडकलो: मी अनलिस्टेड शेअर दलालाकडून घेतलेत, लिस्टिंग कधी होईल?

तळटीप: तो वेगळा धागा काढा हो.

कोरा_कागद: काढलं. घोषणेआधीच्या तिमाहीत दोन खाजगी कंपन्या आल्यात, मिळून 9 टक्के. एकीचा पत्ता अनलिस्टेड कंपनीच्या ऑफिसचाच आहे! नोटिशीत मात्र अवाक्षर नाही.

तळटीप: पत्ता सारखा म्हणजे संगनमत सिद्ध झालं असं नाही, पण प्रश्न नक्की उभा राहतो. त्या 9 लाख मतांनी निकाल फिरू शकतो. स्क्रीनशॉट जोडून एक्स्चेंज आणि सेबीला लिहा. एनसीएलटीत योजनेला हरकत घ्यायला 10 टक्के शेअर लागतात, तुमचे 400 तिथे पुरणार नाहीत. शिवाय नोटिशीसोबत अनलिस्टेड कंपनीची माहिती संक्षिप्त प्रॉस्पेक्टसच्या नमुन्यात असायला हवी. आहे का?

कोरा_कागद: आहे. विक्रीतला मोठा भाग मालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना झालेला दिसतोय.

शेअरवाला_काका: मग अंदाजित नफा कसला? एका खिशातून दुसऱ्या खिशात!

तळटीप: मूल्यांकन अहवालात ती विक्री पुढेही तशीच धरलीय का, ते तपासा. धरली असेल तर मी तरी विरोधात मत देईन. बाकीचे पब्लिक काय करतील, सांगता येत नाही.