मदत हवी आहे: कागदावर एका ऑर्डरला 140 रुपये सुटतात, हातात तेवढे येत नाहीत

खण_आणि_काठ

नमस्कार. मी सांगलीहून खणाचे शिवलेले ब्लाऊज एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकते. दीड वर्ष झालं. महिन्याला साधारण 100 पार्सलं जातात. जीएसटी नंबर आहे, नेहमीचा, कंपोझिशन नाही.

माझा हिशेब असा आहे. विक्री 630. कमिशन आणि ठरलेली फी मिळून 90, शिपिंग 70. कापड, अस्तर, शिलाई, हूक धरून ब्लाऊज मला 320 ला पडतो. पिशवी, आतलं कव्हर, लेबल, टॅग मिळून 10. म्हणजे 630 मधून 490 गेले, राहिले 140. शंभर ऑर्डरचे 14,000 व्हायला हवेत.

प्रत्यक्षात कापडवाल्याचं आणि शिलाईचं देणं दिलं की महिन्याला चार हजाराच्या आसपासच उरतात. कधी त्याहून कमी. मिस्टर म्हणतात तू कुठेतरी चुकतेयस, पण कुठे ते दोघांनाही सापडत नाही. दिवाळीसाठी 40 हजारांचं कापड घ्यायचं ठरवलंय, त्याआधी हे कळायला हवं. कोणी हिशेब तपासून देईल का?

गल्ला_मोजा

ताई, 320 चा माल 630 ला विकणं हीच चूक आहे. खर्चाच्या तिप्पट भाव लावायचा, 960. ऑनलाइनला त्याखाली परवडत नाही.

खण_आणि_काठ

दादा, तसल्याच ब्लाऊजला बाकीचे 550 ते 700 लावतात. 750 लावून पाहिलं होतं, आठवड्यात दोन ऑर्डर आल्या.

आकडेमोड_नाशिक

मी कापडातच आहे, मुलांचे कुर्ते. जीएसटी खातोय तुम्हाला. 630 मध्ये 5 टक्के कर आहे, म्हणजे 30 रुपये सरकारचे. वर कमिशन-शिपिंगवर 18 टक्के. शिवाय टीसीएस आणि टीडीएस कापतात ते वेगळंच. हे सगळं धरलं की 140 चे 77-78 होतात. नंबर सरेंडर करा, 40 लाखांच्या आत तो लागतच नाही.

हिशेबाची_वही

आकडेमोड, अर्धं बरोबर आहे, पण नंबर सरेंडर करायचा सल्ला घेऊ नका ताई. ऑक्टोबर 2023 पासून नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही अशा बाजारावर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. तुमची निम्मी पार्सलं तरी बाहेर जात असतील.

आधी एक करा. पेमेंटची फाइल उतरवा आणि जी ऑर्डर पोचली, टिकली, परत आली नाही अशी एकच शोधा. बँकेत किती आले ते सांगा.

खण_आणि_काठ

हो, बंगलोर, हैदराबादला बऱ्याच जातात. फाइलमध्ये 437.60 दिसतायत.

हिशेबाची_वही

छान, मग गणित जुळतं. 630 मधला कर काढला की तुमची खरी विक्री 600. फी आणि शिपिंग 160, त्यावर 18 टक्क्यांनी 28.80. टीसीएस अर्धा टक्का म्हणजे 3 रुपये, टीडीएस 0.1 टक्का म्हणजे 60 पैसे. हे सगळं 630 मधून गेलं की 437.60 उरतात.

आता यातलं खर्चात काय धरायचं? 28.80 ची वजावट तुम्हाला मिळते. तुम्ही भरायचे 30, त्यातून ते वजा, फरक रुपया-सव्वा रुपया. कापडाच्या बिलावरचा करही वजा होतो. टीसीएस जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये येतो, टीडीएस आयकराचं रिटर्न भरताना मिळतो. पैसे अडकतात, पण बुडत नाहीत. म्हणून विक्री आणि खर्च दोन्ही कर काढून लिहा. 600 वजा 160 वजा 330, राहिले 110. टिकलेल्या एका ऑर्डरचा हा खरा नफा. तुमच्या 140 मधले 30 तुमचे कधी नव्हतेच.

पण यातून 30 चाच उलगडा झाला. बाकीचं परतीत आहे. तुम्ही 110 ला 100 ने गुणू नका, 100 पैकी किती टिकल्या ते बघा. 1 जुलैपासूनची पहिली 100 पार्सलं घ्या, त्यांची परतीची मुदत संपलेली आहे. चालू महिना घेऊ नका. सप्टेंबरच्या ऑर्डरची परत ऑक्टोबरच्या पैशांतून कापली जाते, म्हणून बँकेकडे बघून महिन्याचा ताळा लागत नाही.

लोणचं_दापोली

मध्ये बोलते. माझं आंब्याचं लोणचं आहे, इन्स्टावर विकते, कुरियर स्वतःच लावते. परत येतच नाही, पण फुटतं. एक बरणी फुटली की त्याच खोक्यातल्या बाकी दोन तेलात भिजतात आणि तिन्हीचे पैसे द्यावे लागतात. आधी पॅकिंगला 12 रुपये धरायचे, आता पुठ्ठ्याचे कप्पे आणि बबल धरून 31 खर्च करते. फुटणं जवळपास थांबलं. पॅकिंगवर काटकसर करू नका एवढंच सांगते.

खण_आणि_काठ

ताई, तुमचं पटतं, पण माझ्या ब्लाऊजला फुटण्याचा प्रश्न नाही.

वहीदादा, दोन संध्याकाळ बसून काढलं. 100 पैकी 74 टिकल्या. 14 ग्राहकापर्यंत न पोचताच परत आल्या (घरी कोणी नाही, फोन उचलला नाही, घेतलं नाही). 12 ग्राहकांनी घेऊन परत केल्या.

पोचल्याच नाहीत त्यांचं शिपिंग बाजार कापत नाही. पण ग्राहकाने परत केली की कमिशन, फी आणि जायचं शिपिंग परत मिळतं आणि परतीचे 145 कापतात, कर वेगळा. परत आलेला प्रत्येक ब्लाऊज मी इस्त्री करून, टॅग बदलून नव्याने भरते, त्याला 10 रुपये इस्त्रीवाला घेतो. 12 मधले 4 पुन्हा विकता येत नाहीत. दोघांना काखेत घामाचे डाग, एकाची शिवण उसवून सैल केलेली, एकावर हळद. ते प्रदर्शनात 150 ला देते.

हिशेबाची_वही

हेच हवं होतं. मांडते. (मी दादा नाही, ताई आहे. 11 वर्षं दुकानांच्या वह्या लिहिते.)

टिकलेल्या 74 चे प्रत्येकी 110 म्हणजे 8,140. न पोचलेल्या 14 वर 10 चं पॅकिंग वाया आणि 10 ची इस्त्री, एकूण 280. ग्राहकाच्या 12 परतींवर 145, 10 आणि 10 मिळून प्रत्येकी 165, एकूण 1,980. खराब झालेल्या 4 वर 320 चे 150 आले, म्हणजे प्रत्येकी 170, एकूण 680. हे तिन्ही 2,940. राहिले 5,200.

जाहिरातीला काही देता का? ते तुमच्या यादीत नाही.

खण_आणि_काठ

देते. रोज 50. त्या 100 पार्सलांच्या काळात 1,500 गेले. ते मी ऑर्डरमध्ये कधी धरलंच नाही, महिन्याचा खर्च म्हणून वेगळं ठेवलं होतं.

हिशेबाची_वही

मग 3,700 राहिले. टिकलेल्या 74 ऑर्डरने भागा, एका ऑर्डरला 50 रुपये. तुमचे चार हजार कुठून येतात ते इथे दिसतं.

आता परतींकडे नीट बघा. एका परतीला 165 आणि खराब मालाचा वाटा 57, मिळून 222 जातात. म्हणजे एक परत दोन टिकलेल्या ऑर्डरचा नफा खाते. आणि ती परत टिकली असती तर वर 110 मिळाले असते. एक परत थांबवली तर हातात 332 चा फरक पडतो. 12 च्या 8 झाल्या तर 1,300 हून जास्त वाढतात. उलट याच वेगाने परती 23 झाल्या तर शंभर पार्सलं भरून नफा शून्य.

भाव 20 रुपयांनी वाढवला तरी कर आणि कमिशन जाऊन 17 मिळतात, 74 ऑर्डरवर 1,258. चार परती कमी करणं त्याच्या बरोबरीचं आहे आणि त्यात ऑर्डर घटायची भीती नाही.

दर महिन्याला हातानं शोधू नका. पेमेंटच्या फाइलमध्ये एकाच ऑर्डर नंबरच्या दोन-तीन ओळी असतात, एक पैसे आल्याची, एक कापल्याची. आपल्या शीटमध्ये A रकान्यात ऑर्डर नंबर ठेवा आणि शेजारी हे लिहा. Payment हे त्या पानाचं नाव, F जागी तुमचा रकमेचा रकाना.

```
=SUMIF(Payment!A:A, A2, Payment!F:F)
```

ज्या ऑर्डरसमोर उणे येईल ती परत. उणे आलेल्या सगळ्यांची कारणं एकदा वाचून काढा.

आकडेमोड_नाशिक

परतीचा खर्च प्रत्येक ऑर्डरवर वाटणं मला पटत नाही. ती एका मापाची, एका रंगाची गोष्ट असते. माझ्याकडे एकाच डिझाइनच्या परती तिप्पट होत्या. सरासरीत ते लपून गेलं होतं.

हिशेबाची_वही

हे अगदी बरोबर बोललात. ताई, 12 परती मापाप्रमाणे लावा.

खण_आणि_काठ

लावल्या. 12 पैकी 9 जणींनी माप बसत नाही असं लिहिलंय. त्यातल्या 6 एकट्या 38 च्या आहेत. घरी टेप लावून पाहिलं. शिलाईवाल्या काकूंनी 38 चा ब्लाऊज छातीत 38 च ठेवलाय, 34 आणि 36 ला मात्र दीड इंच सैल आहे. काकूंना नवीन फर्मा करून देते. फोटोत तयार कपड्याचं खरं माप लिहीन आणि आत दोन्हीकडे इंचभर कापड सोडायला सांगते.

दिवाळीला पुठ्ठ्याच्या पेटीत द्यायचा विचार होता, 28 बाय 22 बाय 5 सेंटिमीटर.

लोणचं_दापोली

ती पेटी नको. कुरियरवाले आकारावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची गुणून 5,000 ने भागा, 0.616 किलो म्हणजे 616 ग्रॅम येतात. ब्लाऊज पाव किलोचा असला तरी पार्सल अर्ध्या किलोच्या वर मोजलं जाईल. मी याच चुकीत पहिला हंगाम घालवला.

खण_आणि_काठ

बरं झालं सांगितलंत, 200 पेट्या मागवणार होते. पिशवीच ठेवते. कापडही 40 ऐवजी 25 हजारांचं घेते, 38 च्या ऑर्डर टिकतात का ते बघून बाकीचं.

एक राहिलं. त्या 4 खराब ब्लाऊजचा दावा मी केला होता. एकाचे पैसे मिळाले, नंतर ते वजा झाले. तिघांचे पार्सल उघडतानाचे व्हिडिओ नाहीत म्हणून नाकारले. व्हिडिओ असूनही नाकारल्याचा अनुभव कोणाला आहे का? पार्सलवरचं लेबल, पिशवीचं सील आणि डाग हे एकाच न तुटलेल्या व्हिडिओत यायला हवं का, की वेगळे फोटो चालतात?

आकडेमोड_नाशिक

माझे न तुटलेल्या व्हिडिओवर दोन मंजूर झाले, एक नाही झाला. कारण सांगितलं नाही.