मदत हवी आहे: मॅक्रो छायाचित्रात सुती कापडाची वीण धूसर का येते?

सूतधारा: विक्रीच्या पानासाठी मला साध्या विणीच्या सुती कापडाचे असे छायाचित्र हवे आहे की, पाहणाऱ्याला धाग्याचा पीळ आणि विणीचा घट्टपणा डोळ्यांनीच कळावा. फुल-फ्रेम कॅमेरा, 1:1 मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड आणि f/16 वापरूनही मध्यभाग मऊ दिसतो, उजवी कड तर पूर्ण धूसर येते. शिवाय कापड छापील कागदासारखे सपाट भासते. यात नेमके काय बदलावे?

उभाआडवा: स्पष्टतेची खोली कमी पडते आहे. f/22 किंवा f/32 वर जा, कडसुद्धा स्पष्ट होईल.

जुनी_लेन्स: कडेपुरते हे बरोबर आहे, पण त्याची किंमत मध्यभागाला मोजावी लागेल. 1:1 ला f/16 चा परिणाम जवळपास f/32 सारखा होतो आणि प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक तंतू विरघळतात. हेच छायाचित्र f/8 वर घेऊन मध्यभाग पूर्ण आकारात ताडून पाहा. तो अधिक रेखीव आला तर कारण तेच. f/8 वर स्पष्टतेची खोली साधारण एक मिलिमीटर मिळते, आणि ताणून बसवलेल्या पातळ कापडाला ती पुरते.

एकच कड बिघडते याचा अर्थ सेन्सर आणि कापड समांतर नाहीत. कापडावर छोटा सपाट आरसा ठेवून लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवावा. डोळ्याच्या अंदाजावर मी कधीच विसंबत नाही.

सपाटपणाचा दोष मात्र प्रकाशाचा आहे. एकच दिवा पृष्ठभागापासून दहा-पंधरा अंशांवर आणा, म्हणजे प्रत्येक धागा शेजारच्यावर सावली टाकेल. दिवा ताण्याला समांतर ठेवलात तर ताण्याचे धागे दबतात आणि बाणाच उठून दिसतो, म्हणून मी तो दोन्हींना तिरका ठेवतो.

पत्रा_कातळ: माझ्या घासलेल्या स्टीलवर पांढरा पट्टा उमटतो. लेन्सवर पोलरायझर लावूनही तो जात नाही.

जुनी_लेन्स: धातूवरून परतणारा साध्या दिव्याचा प्रकाश फारसा ध्रुवित होत नाही, म्हणून एकट्या फिल्टरने काम होत नाही. दिव्यासमोरही ध्रुवीकरण फिल्म लावलीत तर पट्टा जाईल, पण त्याबरोबर धातूची झळाळीही जाऊन पत्रा काळपट दिसेल. मी त्याऐवजी मोठा पसरट प्रकाश घेतो.

उभाआडवा: मग f/8 वर अनेक छायाचित्रे घेऊन फोकस स्टॅकिंग करणे अधिक सोपे नाही का?

जुनी_लेन्स: लव असलेल्या जाड कापडाला ते उपयोगी पडते, मात्र सुटे तंतू वाऱ्याने हलले तर त्यांच्याभोवती दुहेरी कडा उमटतात. या पातळ कापडाला मी आधी समांतरताच साधेन.

सूतधारा: आरसा ठेवताच कॅमेरा उजवीकडे कललेला असल्याचे दिसले. आता f/8 वर कडा आणि पीळ दोन्ही स्पष्ट आहेत, पण चित्र पानासाठी लहान केले की विणीवर लाटांसारखे पट्टे उमटतात. आधी किंचित धूसर करून मग लहान केल्यावर ते कमी झाले, तरी त्यात पीळही हरवला. यावर कोणाकडे दुसरा उपाय आहे का?