निनावी निवेदिकेची कणव

>> पात्राला नाव नसलं की ते परकं वाटतं, जीव लागत नाही.

तृतीयपुरुषी निवेदनात पटतं. तिथे 'ती बाई', 'तो कारकून' हे सारखं टोचत राहतं. पण निवेदकच निनावी असेल तर उलट घडतं. डॅफ्नी द्यू मॉरिएच्या 'रेबेका' कादंबरीत (१९३८) मॅक्सिम द विंटरच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव थेट मुखपृष्ठावर, आणि गोष्ट सांगणाऱ्या दुसरीला नावच नाही. नव्या घरात फोन वाजतो, पलीकडून 'मिसेस द विंटर' अशी हाक येते, आणि ही सांगून टाकते की त्यांना जाऊन वर्ष उलटलं! स्वतःचं नवं आडनावही तिला आपलं वाटत नाही. तिचं नाव आपल्याला ठाऊक असतं तर ही कणव इतकी आली नसती. शिवाय लेखिका मुद्दाम डिवचते: तुझं नाव सुंदर आणि वेगळं आहे, असं मॅक्सिम तिला म्हणतो, पण ते नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.