अनुभव धागा: विक्रीच्या गाडीच्या फोटोतून काय पुसावं आणि कुठे थांबावं

धागाकर्ती
एकच उदाहरण समोर ठेवते, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. चंदेरी हॅचबॅक आहे. मागच्या डाव्या दारावर तळहाताएवढा पोचा, आणि तिथून निघालेला ओरखडा मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत गेलेला. शिवाय धूळ, सुकलेल्या पाण्याचे डाग आणि दारात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब. विक्रेता म्हणतो, "फोटो जरा साफ करून द्या." तुम्ही काय पुसाल, कसं, आणि काय तसंच ठेवाल?

प्रकाशरेषा
माझी कसोटी सोपी आहे. गाडी धुतल्यावर जे जाईल ते फोटोतून काढायला हरकत नाही. धुऊनही जे राहील ते फोटोतही राहायला हवं.

धूळ आणि पाण्याचे डाग काढताना संपादनाच्या अ‍ॅपमध्ये मूळ फोटोच्या थराला हात लावू नका. वर एक रिकामा थर घ्या, डाग शेजारच्या रंगात मिसळून टाकणाऱ्या हीलिंग ब्रशला 'सगळे थर वाच' असं सांगा आणि ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा ठेवा. दोन पत्र्यांमधल्या फटीजवळ किंवा दाराच्या कडेजवळ हीलिंग ब्रश शेजारचा काळा रंग ओढून आणतो आणि कड मळकट होते. तिथे एका जागचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवणारा क्लोन स्टॅम्प वापरा आणि आधी निवड करून कड बंद करून घ्या.

फोटोग्राफरचं प्रतिबिंब पुसण्यापेक्षा फोटो पुन्हा काढा. दारासमोर उभं न राहता बाजूला सरका, लांब जा आणि झूम करा.

आता पोचा. चकचकीत पत्र्याचा आकार आपल्याला दिसतो तो त्यातल्या प्रतिबिंबामुळे. समोरच्या भिंतीची कड दारावर सरळ रेषेसारखी उमटते आणि पोच्यापाशी वाकते. पोचा घालवायचा तर ती रेषा नव्याने काढावी लागते, तिच्या वरचा उजेड आणि खालची सावली पुन्हा रंगवावी लागते. याला साफसफाई म्हणता येत नाही. जो पत्रा त्या गाडीला नाही, त्याचं ते चित्र होतं. हे काम मी नाकारतो, विक्रेता कितीही म्हणाला तरी.

बाइटबहाद्दर
घेणाऱ्यांना घाबरायचं कारण नाही. मूळ फाइल मागवा आणि एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या नोंदी, उघडा. त्यात Software या नोंदीसमोर संपादनाच्या अ‍ॅपचं नाव दिसलं की समजा फोटोत फेरफार आहे. नाव नसेल तर फोटो खरा.

ताराबाई
बाइटबहाद्दर, पहिला भाग काही अंशी बरोबर, दुसरा नाही. फोटो नुसता कापला किंवा उजळ केला तरी ते नाव येतं. उलट बहुतेक मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवतानाच या नोंदी काढून टाकतात, त्यामुळे नाव नसणं हा कसलाच पुरावा नाही.

त्यापेक्षा फोटोच नीट बघा. मेटॅलिक रंगात बारीक चमकदार कण असतात. पुसलेल्या जागी ते नाहीसे होतात आणि दाराच्या मधोमध गुळगुळीत, साबण लावल्यासारखा पट्टा दिसतो. क्लोन केलेलं असेल तर तोच ठिपका थोड्या अंतरावर पुन्हा सापडतो. आणि एकाच बाजूचे दोन कोनांतले फोटो शेजारी ठेवा. पुसणारा समोरचा फोटो मन लावून करतो, पण मागून तिरका घेतलेल्या फोटोत तोच ओरखडा बऱ्याचदा राहून जातो. जोरात कॉम्प्रेस केलेल्या लहान फोटोत मात्र यातलं काहीच खात्रीने कळत नाही, म्हणून मोठा फोटो मागायचाच.

निळी सेदान
माझ्या गाडीच्या बॉनेटवर असाच ओरखडा आहे. टचअप पेन कुठला घ्यावा? रंग जुळेल का?

गॅरेजवाले अण्णा
ताई, इथे फोटोतला ओरखडा चाललाय, पण सांगतो. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली. त्याच कोडचा पेन घ्या. तरी चंदेरी आणि मेटॅलिक रंगात टचअप उन्हात वेगळा दिसतोच, कारण ब्रशने लावलेले कण फवाऱ्यासारखे बसत नाहीत. आणि विकताना टचअप केलाय हे सांगा.

आता मूळ प्रश्न. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर तो वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे आणि पॉलिशने बहुतेक जाईल. मग फोटोत पुसायचं कशाला? आधी पॉलिश करा, मग फोटो काढा. नख अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही.

या गाडीत मला दारापेक्षा चाकावरच्या पत्र्याची काळजी जास्त वाटते. दार बोल्टवर असतं, बदलता येतं. तो पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, बदलायचा तर कापावा लागतो. ओरखडा तिथे धातूपर्यंत गेला असेल तर गंज धरणार. घेणाऱ्याला किंमत ठरवायला नेमकी हीच जागा बघायची असते, आणि पुसणारा नेमकी तीच पुसतो.

ढगाळ दुपार
सगळे संपादनावरच बोलताय. ढगाळ उजेडात गाडीसमोर सरळ उभं राहून फोटो काढला, तर एक पिक्सेल न बदलता तो पोचा जवळजवळ गायब होतो. ओल्या गाडीवर बारीक ओरखडे भरून निघाल्यासारखे दिसतात. पोलरायझिंग फिल्टर ठरावीक कोनात पत्र्यावरची चमकच कापतो, आणि प्रकाशरेषा म्हणतात ती वाकलेली रेषाही तिच्याबरोबर जाते. याला काय म्हणायचं?

प्रकाशरेषा
मुद्दा मान्य. फिल्टर मीही वापरतो, काचेवरची चमक कमी करून आतल्या सीट दाखवायला. दाराच्या फोटोला लावत नाही. पण ढगाळ दिवशी फोटो काढणाऱ्याला मी फसवणारा म्हणणार नाही. रेषा कुठे ओढायची, यावर माझं मत अजून पक्कं नाही.

ताराबाई
मला वाटतं, पोच्याचा वेगळा फोटो दिला की हा प्रश्न बराचसा सुटतो. साधारण हातभर अंतरावरून, तिरक्या उजेडात, शेजारी नाणं धरून. मग मुख्य फोटो ढगाळ असला तरी चालेल.

बाइटबहाद्दर
ताराबाई, एक्झिफचं पटलं. अजून एक भर घालतो. फोनमधलं 'वस्तू पुसा' साधन जपून वापरा. दारासमोरून जाणारा माणूस पुसायला गेलात तर साधन त्याच्या मागचं दारही अंदाजाने नव्याने रंगवतं, आणि त्यात पोचा सपाट होऊ शकतो. विक्रेत्याच्या मनात काही नसतानाही फोटो खोटा होतो. माणूस गाडीच्या बाहेर, रस्त्यावर असेल तर पुसा. गाडीवर येत असेल तर फोटो पुन्हा काढा.

गॅरेजवाले अण्णा
रंगाचंही बघा. एक दार नव्याने रंगवलेलं असेल तर शेजारच्या पत्र्याहून छटा वेगळी दिसते. कोणी फक्त त्या दाराची छटा जुळवून देतो, तेव्हा दुरुस्तीची खूण पुसली जाते. पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स सुधारणं वेगळं. पण बंपर प्लास्टिकचा असतो, त्याची छटा कारखान्यातूनच थोडी वेगळी येऊ शकते, त्यावरून लगेच अपघात ठरवू नका.

निळी सेदान
मग नंबरप्लेट झाकली तर चालते का? आणि मागची भिंत बदलून साधी पार्श्वभूमी लावली तर?

ढगाळ दुपार
प्लेट झाका, खुशाल. पार्श्वभूमीबद्दल मला शंका आहे. दारात जुन्या भिंतीचं प्रतिबिंब आणि मागे पांढरा स्टुडिओ, हे जुळत नाही. मग ते जुळवायला दारही रंगवलं जातं, आणि आपण पुन्हा त्या पोच्यापाशीच येतो.