मदत हवी आहे: 1 ते 1 कोटीची तीच बेरीज, उलट दिशेने केली की उत्तर वेगळं का?

खाडीकाठचा (रत्नागिरी): मंडळी, प्रॅक्टिकलला 1 + 1/2 + 1/3 असं करत 1 कोटीपर्यंत बेरीज करायची होती, सी मध्ये, float वापरून. सरळ केली तर 15.4037 येतं, शेवटून सुरू करून 1 पर्यंत आलो तर 16.6860, आणि खरं उत्तर 16.6953 आहे म्हणे. आकडे तेच, बेरीजच आहे ना, मग क्रमाने काय फरक पडतो? लॅबमधल्यांनी "लहान आधी घ्या" एवढंच सांगितलं आणि लाईट गेली.

बागवाला_देवगड: माका एक सांगा, माझ्या एक्सेलात पण असाच होता, आंब्याच्या पेट्यांच्या बिलात खालची टोटल आणि वरच्या ओळी यांत एक-दोन पैशांचा फरक पडता. हा तोच रोग काय?

जुना_कंपाइलर: सोपं आहे, float टाकून double घे, विषय संपला.

सर_मालवण: बागवाले, तुमचं बहुतेक वेगळं आहे. ओळीत दोनच दशांश दिसतात पण सेलमध्ये पुढचेही असतात, टोटल त्या पूर्ण आकड्यांची होते. प्रत्येक ओळ ROUND करून मग बेरीज घ्या.

खाडीकाठच्या, सरळ बेरीज 15 च्या वर गेली की float चे शेजारी आकडे एकमेकांपासून साधारण 0.00000095 अंतरावर असतात, मधला आकडा त्याला ठेवताच येत नाही. आता सांग, n = 2097152 ला तू किती मिळवतोयस?

खाडीकाठचा: 0.000000477. म्हणजे अंतराच्या निम्मं?

सर_मालवण: बरोबर निम्मं, आणि राउंडिंग मागे पडतं. पुढचे सगळे तर निम्म्याहून लहान. म्हणजे तुझा लूप उरलेले जवळजवळ 79 लाख वेळा नुसता फिरतोय, बेरीज जागची हलत नाही. n = 30 लाखाला एकदा आणि शेवटी एकदा प्रिंट करून बघ, आकडा तोच दिसेल. उलट दिशेने आलास की बारके आधी आपापसात जमतात, तेव्हा बेरीजही लहान असते म्हणून अंतरही बारीक, ते वाया जात नाहीत.

खाडीकाठचा: मग 16.6860 का, पूर्ण 16.6953 का नाही?

सर_मालवण: हा प्रश्न आवडला. उलट येताना बेरीज 1 ओलांडते तेव्हा n साधारण 37 लाख असतो आणि तिथे तू अंतराच्या सव्वादोन पट मिळवत असतोस, पडतात दोनच पट. पुढचे हजारो आकडेही तेवढेच, त्यामुळे पाव-पाव एकाच बाजूला गळत राहतं. लहान आधी घेऊन गळती कमी होते, थांबत नाही. आणि सगळे आकडे सारखे असतील तर क्रमाचा काहीच उपयोग नाही, float मध्ये 1 मिळवत गेलास तर 16777216 ला अडकशील.

त्यावर उपाय काहानचा, 1965 चा. गळलेलं लक्षात ठेवून पुढच्या आकड्यात घालायचं:

```c
float s = 0, c = 0;
for (int n = 1; n <= 10000000; n++) {
    float y = 1.0f / n - c;
    float t = s + y;
    c = (t - s) - y;
    s = t;
}
```

हाताने करून बघ. s = 16777216, c = 0, आणि 1 मिळवायचाय. t हललाच नाही, c झाला -1. परत 1 आला, y झाला 2, t झाला 16777218, c पुन्हा 0. दोन्ही एक वसूल.

जुना_कंपाइलर: एवढं करण्यापेक्षा double च बरं ना!

सर_मालवण: या गणिताला हो, double पुरेल. पण बऱ्याच लहान मायक्रोकंट्रोलरवर double एक तर फार हळू चालतं, नाहीतर नावालाच double असतं.

खाडीकाठचा: सर, काहानवालं टाकलं पण 16.6953 काही येत नाही 😕

सर_मालवण: कंपाइल करताना -Ofast किंवा -ffast-math दिलंयस का? त्यात कंपाइलर (t - s) - y ला शाळेतल्या बीजगणितासारखं शून्य धरू शकतो, मग c उडालाच.

खाडीकाठचा: -Ofast होतं! -O2 केलं, 16.6953 आलं. आता एक, प्रोजेक्टला भरती-ओहोटीची पातळी आहे, सरासरीच्या वर अधिक, खाली उणे. तिथेही लहान आधी घेऊ?

सर_मालवण: नको. 1, 16777216 आणि -16777216 घे. लहान आधी घेतलास तर उत्तर 0, दोन मोठे आधी एकमेकांत उडवलेस तर 1, आणि खरं 1 च. लहान आधी हा नियम सगळे एकाच चिन्हाचे असतील तेव्हाचा. काहान इथे तिन्ही कोणत्याही क्रमाने दिलेस तरी सावरेल, पण इतरत्र येणारा आकडा s पेक्षा बराच मोठा असेल तर तोही फसू शकतो, त्यासाठी नॉयमायरचा प्रकार आहे, त्यात आधी कोण मोठा ते तपासतात.

खाडीकाठचा: पातळ्या तर दोन-तीन मीटरच्या आतल्याच, मग नॉयमायरची गरज पडेल का? वर्षभराचा डेटा आहे, दर मिनिटाचा.

जुना_कंपाइलर: double 😄