पोर्टलवर ‘Paid’, पण खात्यात जमा नाही

> “पोर्टलवर १२ तारखेला Paid दिसतंय, स्क्रीनशॉट आहे. आठवडा झाला, पैसे नाहीत. क्लायंटला मेल काय करू?”

आधी स्क्रीनशॉटमधले खात्याचे शेवटचे चार आकडे पासबुकाशी ताडून बघा. माझ्या वेळी तिथे जुनं, बंद केलेलं खातं होतं! Paid म्हणजे बरेचदा त्यांच्याकडून बँकेला आदेश गेला, एवढंच. म्हणून मेलमध्ये ‘पैसे पाठवले का’ विचारू नका, यूटीआर म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक मागा:

“नमस्कार मॅडम, सोबतच्या स्क्रीनशॉटप्रमाणे १२ तारखेला रक्कम पाठवलेली दिसते, पण आजपर्यंत जमा नाही. कृपया यूटीआर क्रमांक आणि कोणत्या खात्यावर पाठवली ते कळवावे. रक्कम परत आली असल्यास तेही तपासावे.”

सोबत १२ तारखेपासूनचं स्टेटमेंट जोडा, बाकीच्या नोंदी झाकून. यूटीआर मिळाला की तुमची बँक त्यावरून शोध घेऊ शकते.